दार वाजवू नये

पलूसच्या एमआयडीसीकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक लॉज आहे. खाली चहा-नाश्ता, वर दोन मजले खोल्या. नाव सांगत नाही, कारण पुढे त्यांच्या एका फजितीची गोष्ट आहे. मालक माझ्या ओळखीचे. लग्नपत्रिका, दुकानाच्या उद्घाटनाची कार्डं, श्रद्धांजलीच्या जाहिराती असला मजकूर लिहून देणारा माणूस म्हणून गावात मला ओळखतात, तेवढीच ओळख. गेल्या दिवाळीनंतर त्यांनी बोलावून घेतलं आणि टेबलावर एक कार्ड ठेवलं. दाराच्या मुठीला अडकवायचं असतं ते. वर भोक, खाली मजकूर. एका बाजूला लाल रंगात इंग्रजीतलं ‘डू नॉट डिस्टर्ब’ आणि खाली मराठीत ‘त्रास देऊ नका’. दुसऱ्या बाजूला हिरव्यात ‘प्लीज मेक अप रूम’ आणि खाली मराठीत ‘कृपया खोली बनवा’.

“कालच एक इंजिनीअर विचारत होता, गवंडी पाठवू काय म्हणून,” मालक म्हणाले. “आता तुम्ही नीट लिहून द्या. दोन ओळी तर आहेत.”

दोनच ओळी होत्या, पण त्यांनी मला तीन आठवडे खाल्ले. त्या निमित्ताने या कार्डाचा मागोवा घेत गेलो, तो असा.

आधी हे बघू की हे कार्ड यायच्या आधी त्याच्या जागी काय होतं. त्याच्या जागी माणूस होता. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानात फिरणारा साहेब स्वतःचा नोकर बरोबर घेऊन फिरे. हा ‘बेअरर’ रात्री साहेबाच्या दाराबाहेर व्हरांड्यात पथारी टाकी. आत कोणाला सोडायचं, कोणाला थोपवायचं, साहेब उठला की नाही, पाणी कधी न्यायचं, हे सगळं त्याच्याकडे. जानेवारी १८९६ मध्ये मार्क ट्वेन मुंबईत वॉटसन्स हॉटेलात उतरला होता. त्याच्या प्रवासवर्णनात दारांबाहेर जमिनीवर बसलेले हे फेटेवाले नोकर आहेत, आणि पहाटे सुरू होणारा हॉटेलातला आरडाओरडाही आहे. म्हणजे ‘त्रास देऊ नका’ सांगणारी माणसं रांगेने बसली होती आणि त्रासही चालूच होता. सांगायची गोष्ट ही, की दाराबाहेरच्या माणसाला काढून टाकल्यावर त्याच्या जागी जे अडकवावं लागलं ते हे कार्ड. माणूस दहा प्रसंग ओळखून दहा प्रकारे बोले, कार्डाला दोनच वाक्यं येतात. म्हणून ती वाक्यं जपून निवडावी लागतात.

विलायतेत नोकराशिवायही एक रीत होती. ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या जुन्या कॉलेजांत विद्यार्थ्याच्या खोलीला आत-बाहेर अशी दोन दारं असत. बाहेरचं जाड ओकच्या लाकडाचं दार लावलेलं दिसलं की आतल्याला कोणी भेटायला नको आहे, असं समजायचं. पाटी नाही, शब्द नाही, लाकूडच बोले.

आपल्याकडे लाकडाचं काम चपलांनी केलं. घराच्या उंबऱ्याबाहेर किती जोड आहेत, कोणाचे आहेत, हे बघून आत जायचं की नाही ते ठरतं. परक्या चपला दिसल्या तर पाहुणे आलेत, मागच्या दाराने जावं. सासऱ्यांच्या वहाणा दिसल्या तर आवाज खाली. दाराला बाहेरून कुलूप म्हणजे गावाला गेलेत, नुसती कडी म्हणजे इथेच कुठे शेजारी आहेत. हे सगळं वाचायला कोणी शिकवत नाही. आणि ‘मला एकटं सोडा’ असं म्हणायची सोय मात्र यात नाही. पाहुणा म्हणून कोणाच्या घरी निजलात तर सकाळी सहाला चहा घेऊन कोणीतरी उशाशी उभं राहणारच. तो त्रास नव्हे, ते आगत.

म्हणून आपल्या भागात या कार्डाची गरज पडली ती पाहुणा पैसे देऊन राहू लागल्यावर. कृष्णाकाठी औदुंबर आहे, दत्ताचं ठाणं. तिथे मुक्कामाला येणारे यात्रेकरू जुने. पण यात्रेकरू आपली वळकटी घेऊन येई, जमेल तिथे पसरी आणि पहाटे गुंडाळून निघे. त्याची खोली कोणी आवरायची, हा प्रश्नच नव्हता. दुसऱ्या जातीचा पाहुणा आला तो कारखान्यामुळे. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानच्या हद्दीत, कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर नांगरांचा कारखाना आणला. माळाची वाडी झाली, पुढे स्टेशनाचं नावही किर्लोस्करवाडी झालं. ती वाडी आज पलूस तालुक्यात आहे. सुटे भाग विकणारा, यंत्र दुरुस्त करणारा, हिशेब तपासणारा असा कामाचा माणूस आगगाडीतून उतरतो, कोणाचा सोयराधायरा नाही आणि तरी रात्र काढतो, ही गोष्ट अशा वसाहतींनी रुळवली. पुढे पलूसची एमआयडीसी झाली, द्राक्षांमुळे वाईन पार्क आला, आणि मग लॉज.

आता आधी कार्डाची हिरवी बाजू घेतो, कारण तिचं मूळ कायद्यात आहे.

इंग्रजांनी १८६७ मध्ये सराई कायदा केला. वाटसरूंना उतरायला जागा देणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्याकडे नोंद करायची, आणि त्याची कर्तव्यं काय, तर खोल्या, पडव्या, गटारं, विहिरी नीट स्वच्छ ठेवायच्या, पहारेकरी ठेवायचा, दारं-भिंती दुरुस्त ठेवायच्या. म्हणजे खोली झाडून घेणं ही उतारूची विनंती नव्हती, सराईवाल्यावरची सक्ती होती. ‘प्लीज’ नंतर आलं. उतारूने कार्ड लावलं तर खोली झाडायची, हा अगदी अलीकडचा मामला. आधी मालक आपणहून आत शिरे आणि झाडे. म्हणूनच ‘आता नको’ म्हणायची दुसरी बाजू लागली. दोन्ही बाजू एकाच कार्डाला का, याचं उत्तर इथे आहे. झाडणाऱ्याला आत यायचा हक्क आहे हे धरूनच दोन्ही वाक्यं चालतात. एक त्याला बोलावतं, दुसरं त्याला थोपवतं.

आणि मग ती ‘मेक अप’ची भानगड. सांगली जिल्ह्यात हे शब्द लिहिताना जरा जपावं, कारण विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये इथेच नाटक उभं केलं, तेव्हापासून रंगपट हा आमच्या घरचा शब्द. ‘मेकअप रूम’ म्हटलं की आमच्याकडच्या माणसाला आरसा, पावडर आणि मिशी चिकटवणारा नट दिसतो. लॉजमध्ये काम करणाऱ्या मावशींना कार्डावरचं इंग्रजी मालकांच्या मुलाने वाचून दाखवलं होतं. त्या म्हणाल्या, “मंजे आत बाई सजत आसंल, म्हून मी कवाच गेले न्हाई त्या खोलीत.” हिरवी बाजू बाहेर असली की त्या हमखास पुढच्या दाराकडे जात. दोन महिने त्या लॉजमध्ये ज्यांनी खोली आवरायला सांगितलं त्यांचीच खोली तशीच राहिली.

इंग्रजीत अंथरूण ‘मेक अप’ करतात म्हणजे चादर ताणून, उशा लावून ते पुन्हा तयार करतात. सकाळचं काम संपतं तेव्हा अंथरूण घातलेलं असतं. आपल्याकडे सकाळचं काम संपतं तेव्हा अंथरूण नाहीसं झालेलं असतं. गाद्यांच्या घड्या, वर उशा, त्यावर चादर, सगळं कोपऱ्यात किंवा माळ्यावर. घातलेलं अंथरूण दिवसा दिसलं तर घरात कोणीतरी आजारी आहे. एकाच वेळचं एकच काम, आणि शेवट उलटा. म्हणून ‘मेक अप’चं शब्दाला शब्द भाषांतर होत नाही. ‘तयार करा’ म्हटलं तर नवीन गिऱ्हाइकासाठी तयार करायची की काय असं वाटतं, आणि आतल्या माणसाचं सामान खाली जायची भीती. ‘साफ करा’ हे हिंदी कार्डावरून आलेलं. त्यात फरशी पुसली जाते, पण चादर बदलायची राहते. ‘झाडून घ्या’ म्हटलं तर फक्त केरसुणी.

मराठीत यासाठी नेमकं क्रियापद आहे आणि ते सगळ्यांच्या तोंडी आहे: आवरणे. घर आवरलं, पसारा आवरला, ‘आवरलं का तुझं?’ यात घालणंही बसतं आणि काढणंही, केरही आणि चादरही. वस्तू आपापल्या जागी गेल्या म्हणजे आवरलं. ‘खोली आवरा’ हे मावशींना एकदा सांगितलं आणि दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. अडचण वेगळीच निघाली. “आवरा म्हणजे कोण कोणाला म्हणतंय?” मालकांनी विचारलं. “गिऱ्हाईक आमच्या बाईला ऑर्डर सोडतंय असं वाटतं.”

त्यांची शंका मला आधी उगाचची वाटली. मग लक्षात आलं की खरा पेच शब्दांचा नाहीच, क्रियापदाच्या शेपटाचा आहे.

इंग्रजीतला आज्ञार्थ राजाला आणि रंकाला सारखाच. ‘डू नॉट’ म्हणताना समोर कोण आहे ते ठरवावं लागत नाही. मराठीत तोंड उघडलं की ठरवावं लागतं. नको की नका? आवर की आवरा? खोलीतला पंचविशीचा मुलगा साठीच्या मावशींना ‘देऊ नका’ म्हणतो तेव्हा ते बरोबर, पण त्याच खोलीत उद्या मालकांचे व्याही उतरले तर त्यांच्या तोंडी तेच वाक्य ठेवायचं. बरं, बाहेरून येणारे फक्त मावशी असतात असंही नाही. चहाचा पोरगा असतो, शेजारच्या खोलीतला दोस्त असतो, कधी स्वतः मालक. आमच्या बोलीत तर आणखी पायऱ्या. ‘वाजवू नगं’ पोराला, ‘वाजवू नगा’ मोठ्याला, आणि फारच मान द्यायचा तर ‘वाजवू नगासा’. कार्ड कोणाशी बोलतंय हे माहीत नसताना यातली एक पायरी निवडायची कशी?

यावरचा तोडगा मराठीने फार पूर्वी काढून ठेवला आहे. तो म्हणजे ‘नये’. ‘करू नये’ याला कर्ता लागत नाही, समोरचा लागत नाही, वय लागत नाही, मान-अपमान काही लागत नाही. हा शब्द मुळात ‘न ये’, म्हणजे येत नाही. जुन्या मराठीत ‘करू न ये’ म्हणजे करता येत नाही, करणं जमत नाही. त्यातून ‘करणं बरं नाही’ असा अर्थ झाला. म्हणजे ‘नये’ कोणाला हुकूम देत नाही, जगाची रीत सांगतो. सूर्यास्तानंतर झाडू नये, उंबऱ्यावर बसू नये. हे कोण म्हणालं? कोणीच नाही. म्हणूनच त्याचा रागही येत नाही.

आणि पाटीवर तो कसा चढला याचा माग सरळ लागतो. १ जून १९४८ ला पुण्याहून अहमदनगरला पहिली एसटी गेली. पुढे गावोगाव लाल गाड्या धावू लागल्या, आणि ज्यांच्या घरात छापील कागद नव्हता तेही रोज काही वाक्यं वाचत बसू लागले. चालकाशी बोलू नये. धूम्रपान करू नये. हात खिडकीबाहेर काढू नये. आमच्या पिढीतल्या निम्म्या लोकांनी अक्षरं जुळवायला ही वाक्यं वापरली असतील. ‘चालकाशी बोलू नये’ याकडे जरा बारकाईने पाहा. काम करणाऱ्या माणसाच्या एकांताची ती पाटी आहे, ‘डू नॉट डिस्टर्ब’ याचा मराठी भाऊ. पण त्यात ‘त्रास’ नाही, ‘व्यत्यय’ नाही. काय करायचं नाही ते नाव घेऊन सांगितलं आहे: बोलायचं नाही. बस्स.

दुसरी शाखा पुण्याची. दुपारी एक ते चार बेल वाजवू नये, ही तऱ्हा सगळ्यांना माहीत आहे आणि तिच्यावर हसून झालं आहे. मला तिच्यातली कारागिरी जास्त आवडते. ती पाटी लिहिणारा माणूस ‘आम्ही झोपलेलो असतो’ असं सांगत नाही. आत काय चाललंय हे बाहेरच्याला कळायचं कारण नाही. फक्त बोट आणि बेलचं बटन यांच्यामध्ये तो एक वाक्य ठेवतो. पुणेरी पाटी कुचकट असेल, पण आतल्याची अब्रू ती झाकते. हॉटेलच्या कार्डाला नेमकं हेच करायचं असतं.

आता ‘डिस्टर्ब’ या शब्दाकडे. इंग्रजीत त्याच्या पोटात सगळं मावतं: झोप, काम, गप्पा, भांडण, प्रेम. मराठीत एवढा ऐसपैस शब्द नाही. ‘त्रास’ म्हटलं तर बाहेरचा माणूस मुद्दाम छळायला आला आहे असा आरोप होतो. मावशींना ते लागलं होतं. “मी काय तरास देतीया? केर काढते न्हवं का?” ‘झोपमोड’ हा अस्सल शब्द, पण आतला माणूस दुपारी दोनला लॅपटॉप उघडून बसला असेल तर खोटा, आणि झोपलाच असेल तर त्याची चहाडी. ‘विघ्न’ म्हटलं की गणपती आठवतो. उरला ‘व्यत्यय’. फोनच्या मराठी मेनूत हाच घेतला आहे, ‘व्यत्यय आणू नका’. संस्कृतात व्यत्यय म्हणजे उलटापालट, क्रम बिघडणं. मराठीत तो मुख्यतः वर्तमानपत्राचा शब्द झाला. पावसाचा व्यत्यय येतो, वीजपुरवठ्यात व्यत्यय येतो. माणूस माणसाला व्यत्यय आणतो असं बोलताना कोणी म्हणत नाही. गंमत म्हणजे फोन वापरणारेही म्हणत नाहीत. नको असलेल्या जाहिरातींचे फोन थांबवायला १९०९ या नंबरावर नोंदणीची सोय झाली, तेव्हापासून ‘डीएनडी’ हाच शब्द तोंडी बसला. ‘डीएनडीवर टाकलाय’ हे आता पलूसच्या बाजारातलं मराठी आहे. मेनूतला ‘व्यत्यय’ मेनूतच राहिला.

शिवाय तो छापायला वाईट. हे मी छापखान्यात उभा राहून पाहिलं, म्हणून जरा सविस्तर सांगतो. आमचं कार्ड साडेतीन इंच रुंद, साडेआठ इंच उंच. वरचं भोक दीड इंचाचं. कडेला जागा सोडून मजकुराला तीन इंच रुंदी मिळते. पहिल्या मसुद्यात मी लिहिलं होतं ‘कृपया व्यत्यय आणू नये’. एका ओळीत बसवायचं तर टाइप पंचवीस पॉइंटपर्यंत खाली आणावा लागला. त्यात ‘व्य’ आणि ‘त्य’ ही जोडाक्षरं लागोपाठ आणि मागे आणखी एक ‘य’. लाल जमिनीवर पांढरी अक्षरं काढायची, म्हणजे शाई चहूबाजूंनी आत सरकते. पहिल्या नमुन्यात अर्धा ‘व’ आणि अर्धा ‘त’ भरून गेले होते, आणि तीन पावलांवरून तो शब्द ‘य य य’ असा दिसत होता. वर इंग्रजी ओळ मात्र खणखणीत, कारण रोमन मोठ्या अक्षरांना डोक्यावर वेलांटी नाही आणि पायाशी उकार नाही. सारख्या पॉइंटात दोन्ही लिप्या बसवल्या की देवनागरी बारीकच दिसते. तिला वर मात्रेची आणि खाली उकाराची जागा राखावी लागते, त्यात मधलं अक्षर आक्रसतं. म्हणून दोन भाषांचं कार्ड करताना टाइपाचा आकडा नाही, मधल्या अक्षराची उंची जुळवायची. आमच्या कार्डावर त्यासाठी मराठी इंग्रजीच्या दीडपट घ्यावी लागली. आणि दीडपट घ्यायची तर शब्द कमी करणं भाग.

तेव्हा मी ‘कृपया’ काढला. मालक दचकले. पण ‘नये’ला ‘कृपया’ची गरज नाही. आज्ञा नसेल तर विनवणी कशाला? ‘कृपया’ हा ‘प्लीज’ची जागा भरायला पाट्यांवर आलेला शब्द. घरात आपण विनंती क्रियापदातच करतो: देता का, बसा की, जरा बघा बरं. मग ‘व्यत्यय’ही काढला आणि एसटीची रीत धरली. काय करायचं नाही तेच लिहायचं. लॉजच्या खोलीबाहेर माणूस नेमकं काय करतो? दार वाजवतो.

दार वाजवू नये.

सात अक्षरं, एकही जोडाक्षर नाही, वेलांटीसुद्धा नाही. त्याच तीन इंचात चाळीस पॉइंटला बसलं. ज्याला वाचताना बोट ठेवावं लागतं त्यालाही अडखळायला जागा नाही.

यावर एक आक्षेप खरा आहे आणि तो मालकांनीच काढला: “दार वाजवू नये, पण फोन करावा काय?” किंवा मास्टर चावीने न वाजवता उघडावं काय? वकिली डोक्याचा माणूस असं म्हणू शकतो. नाव घेऊन सांगितलं की नाव न घेतलेलं सुटतं, ही या रीतीची मर्यादा. एसटीतही ‘बोलू नये’ म्हटलंय म्हणून चालकाला खुणा करणारे महाभाग असतात. पण पाटी कायदा नव्हे. ऐकणारा सरळ आहे असं धरूनच ती लिहितात.

हिरव्या बाजूला ‘नये’ची सख्खी बहीण घेतली: ‘आवरावी’. खोली आवरावी. सरकारी पत्रात ‘कळावे’, ‘मिळावे’, ‘पाठवावे’ असतं तोच प्रकार. ऐकणारा कोण ते ठरवावं लागत नाही, आणि मालकांची ऑर्डरची शंका मिटली. सहा अक्षरं. जोडीला इंग्रजीत ‘प्लीज मेक अप रूम’ दोन ओळींत तोडून ठेवलं, कारण पुण्या-मुंबईहून येणाऱ्या पाहुण्यांना त्याची सवय आहे.

मराठी वर की इंग्रजी, यावर थोडी चर्चा झाली. दुकानांच्या पाट्यांवर मराठी ठळक असायला हवी, हा नियम मालकांना धसका देऊन गेला होता. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन महिन्यांची मुदत दिली तेव्हा त्यांनी बाहेरचा बोर्ड बदलून घेतला होता. तो नियम नामफलकाचा, दाराच्या कार्डाचा नाही, हे सांगितल्यावर हायसं वाटलं. तरी मराठी वर ठेवायला मी सांगितलं, आणि कारण कायद्याचं नाही. या कार्डाला दोन वाचणारे असतात. पाहुणा ते खोलीत बसून, हातात घेऊन, एकदा वाचतो. मावशी ते रोज, चालता चालता, चोवीस दारांवर वाचतात. मोठं अक्षर कोणासाठी हवं ते उघड आहे.

दोन उणिवा कार्ड लागल्यावरच कळल्या. नव्या इमारतीत दारांना आडव्या मुठी आहेत, तिथे कार्ड छान बसतं. जुन्या बाजूला मात्र आल्ड्रॉप आणि कडी-कोयंडा. दीड इंचाचं भोक कशात अडकवायचं? दारं तशीच राहिली आणि कार्ड तेवढं शहरातून आलं, असा प्रकार. शेवटी प्रत्येक दाराला एक चूक मारून घेतली. (बारीक खिळ्याला आमच्याकडे चूक म्हणतात. सुतार चूक मारतो म्हटल्यावर मालकांच्या मुलाला हसू आवरेना.) दुसरी उणीव वाऱ्याची. व्हरांड्याच्या दोन्ही टोकांना खिडक्या, दुपारी एकदा झोत आला की हलकी कार्डं गर्रकन फिरतात. लालचं हिरवं होतं आणि झोपलेल्या माणसाच्या खोलीत बादली जाते. अशी तक्रार दुपारीच येत असेल आणि पाहुणा शपथेवर सांगत असेल की मी लालच लावलं होतं, तर त्याच्यावर विश्वास ठेवावा. उपाय साधा निघाला. दोन बाजूंचं एक कार्ड न करता दोन वेगळी कार्डं केली, मागची बाजू कोरी. कोरी बाजू दिसली की मावशी कार्ड सरळ करून बघतात. खर्च वाढला, पण फिरलेलं कार्ड खोटं तरी बोलत नाही.

इकडे जगात ही लाल बाजू डळमळू लागली आहे. १ ऑक्टोबर २०१७ ला लास वेगासच्या एका हॉटेलातून एकाने खालच्या गर्दीवर गोळीबार केला. आधी तीन दिवस त्याच्या दाराला हेच कार्ड होतं. त्यानंतर अमेरिकेतल्या मोठ्या हॉटेलांनी नियम बदलले, आणि डिस्नीच्या हॉटेलांनी तर शब्दच बदलले. ‘डू नॉट डिस्टर्ब’ गेलं, ‘रूम ऑक्युपाइड’ आलं. आत कोणीतरी आहे, एवढीच माहिती. आम्हाला येऊ नका म्हणायचा हक्क तुम्हाला नाही, हे त्यात गुपचूप सांगितलं आहे. सराईवाला पुन्हा दार उघडायला मोकळा. मराठीत याचं भाषांतर करायची वेळ आली तर ते तयारच आहे. सार्वजनिक संडासाच्या दारावर कोणी थाप मारली की आतून जे ओरडतात तेच: माणूस आहे!

मालकांना मी ते सुचवलं नाही.

कार्डं लागून महिना झाला तेव्हा एका सकाळी मी वर गेलो. मावशी बादली घेऊन व्हरांड्यातून येत होत्या. दोन नंबरच्या दाराला हिरवं कार्ड होतं, खोली आवरावी, मोठ्या सुबक अक्षरात. मावशींनी ते पाहिलं, मग खाली उंबऱ्याकडे पाहिलं. दोन जोड चपला होत्या, एक बायकी. त्या पुढे गेल्या.

“कार्ड हिरवं आहे की,” मी म्हणालो.

“आसू द्या,” त्या म्हणाल्या. “चपला निघाल्या की बघू.”